तोरिनोतल्या बिलोकालेची जाहिरात: ७२ चौरस मीटर म्हणजे प्रत्यक्षात किती? आणि महिना १४५ युरोत काय काय येतं?

सई_तोरिनो

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे तोरिनोत (तुरीन) नोकरी करतो, दोघांकडेही कामाचं पेर्मेस्सो दी सोजोर्नो, म्हणजे इथे राहायचा परवाना, आहे. भाड्याच्या घराचा करार संपत आलाय, म्हणून विकत घ्यायचं मनात आहे. सांता रिता भागात एक घर आवडलं. जाहिरात अशी आहे:

```
Bilocale, zona Santa Rita, Torino
€ 139.000 | 2 locali | 72 m² | piano 4 con ascensore
Superficie commerciale 72 m²
Spese condominiali € 145/mese
Riscaldamento centralizzato | Classe energetica F
Ingresso, tinello con cucinino, camera, bagno,
ripostiglio, 2 balconi, cantina
```

शब्द मी लावून पाहिले, पण आकडे लागत नाहीत. घर बघून आलो तेव्हा ते ७२ मीटरचं वाटलंच नाही. आमचं आत्ताचं भाड्याचं घर ५५ मीटरचं आहे असं करारात आहे आणि ते यापेक्षा मोठं वाटतं. दुसरं म्हणजे स्पेझे कोंदोमिनियाली, म्हणजे आपलं मेंटेनन्स, १४५ युरो हे जास्त आहे की कमी? एजंट म्हणाला, "सगळं धरून आहे." सगळं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. ऑफर देण्याआधी नीट समजून घ्यायचंय.

विन्या७७

सईताई, हे सरळ आहे. जाहिरातीतलं सुपेर्फीचिये कोमेर्चाले म्हणजे आपला सुपर बिल्टअप. जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची खोली, सगळ्याचा वाटा तुमच्या माथी मारतात. पुण्यात रेरा यायच्या आधी तीस-पस्तीस टक्के लोडिंग सर्रास असायचं. ७२ मधून तेवढं वजा करा, आलं तुमचं कार्पेट.

आणि बिलोकाले म्हणजे टू बीएचके नव्हे हे लक्षात आहे ना? माझ्या मेहुण्याचा त्यात घोळ झाला होता.

सई_तोरिनो

हो, ते माहीत आहे. एक बेडरूम, एक बसायची खोली.

गोदाकाठचा

विन्या, निम्मं बरोबर आहे. कोमेर्चाले आकडा फुगलेला असतो हे खरं. पण तो फुगतो ते जिन्यामुळे नाही. इथे जिना, लिफ्ट, प्रवेशाचं दालन हे सगळं कोंदोमिनियोचं, म्हणजे सोसायटीचं, सामाईक, ते घराच्या मीटरात धरत नाहीत. आकडा वाढतो तो तीन गोष्टींनी: भिंती, बाल्कन्या आणि कान्तीना, म्हणजे तळघरातली सामान ठेवायची खोली. त्यामुळे सरसकट तीस टक्के वजा करून चालणार नाही, घरागणिक हिशोब बदलतो.

मी तोरिनोतच एका स्थापत्याच्या स्टुडिओत काम करतो, जुन्या घरांची मोजमापं घेणं हेच रोजचं काम. सांता रितातली ती १९६० च्या दशकातली घरं फियाटच्या भरभराटीच्या काळात उठली. त्यांचा नकाशा जवळपास ठरलेला असतो. आत शिरलं की इंग्रेस्सो, एका बाजूला तिनेल्लो, म्हणजे जेवायची-बसायची खोली, तिला लागून कुचिनीनो, म्हणजे एकाच माणसाला उभं राहता येईल असं स्वयंपाकघर, आणि त्यातून मागच्या बाल्कनीत जायचं दार. कुचिनीनोला लोकाले, म्हणजे खोली, म्हणून मोजत नाहीत, बाथरूम आणि पॅसेजलाही नाही. म्हणून तिनेल्लो ही एक आणि कामेरा, म्हणजे बेडरूम, ही दुसरी, झालं बिलोकाले. मोठं, टेबल मांडता येईल असं स्वयंपाकघर असेल तर काही एजंट तोही एक लोकाले धरतात आणि त्याच घराला त्रिलोकाले म्हणतात. म्हणून लोकालेच्या संख्येवर विसंबू नका, त्याखालची खोल्यांची यादी वाचा.

सई, एजंटकडून प्लानिमेत्रिया कातास्ताले, म्हणजे सरकारी नोंदीतला घराचा नकाशा, मिळाली आहे का? आणि वीझुरा, म्हणजे त्या नोंदीचा उतारा? दोन्ही असतील तर मापं इथे टाका, हिशोब मांडून देतो.

मकरंद_पुणे

मी हा धागा उत्सुकतेने वाचतोय. इटलीत एक युरोला घर मिळतं असं वाचलंय, मग १,३९,००० कशाला? मी पुण्यातून घेऊ शकतो का?

अनघा_मिलानो

मकरंद, एक युरोची घरं सिसिलीतल्या मुस्सोमेली, सांबुका अशा, लोकसंख्या घटत चाललेल्या गावांतली. घर घेताना ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायची हमी द्यावी लागते, अनामत ठेवावी लागते आणि खरा खर्च त्या दुरुस्तीचा असतो. सई तोरिनोत नोकरी करते, तिला त्याचा उपयोग नाही. तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढा. भारतात राहून घेताना दोन देशांतला परस्पर हक्क, रिझर्व्ह बँकेची पैसे पाठवायची मर्यादा असे बरेच मुद्दे येतात, ते इथे मिसळले तर गोंधळ होईल. सईला त्याची अडचण नाही, तिच्याकडे कामाचं पेर्मेस्सो आहे.

सई_तोरिनो

गोदाकाठचादादा, प्लानिमेत्रिया मिळाली. एजंटने आधी टाळलं, मग मालकाकडून मागवून दिली. त्यावरून आणि आम्ही टेपने मोजलं त्यावरून आतली मापं अशी: इंग्रेस्सो ६, तिनेल्लो १५, कुचिनीनो ५, कामेरा १५, बाथरूम ५, सामानाची कोठी म्हणजे रिपोस्तील्यो २. दोन बाल्कन्या मिळून ९. कान्तीना ६. सगळं चौरस मीटरात. वीझुरा अजून नाही.

गोदाकाठचा

उत्तम. आता एकेक पायरीने जाऊ.

आतल्या खोल्यांची बेरीज ४८. याला इथे काल्पेस्ताबिले म्हणतात, पायाखाली येणारी जागा. ४८ मीटर म्हणजे साधारण ५१७ चौरस फूट. हा आकडा आपल्या रेराच्या कार्पेटच्या जवळचा आहे, पण तोच नव्हे. रेरात आतल्या पार्टिशन भिंती कार्पेटमध्ये धरतात, काल्पेस्ताबिलेमध्ये कुठलीच भिंत नाही.

त्यात भिंती मिळवायच्या. आतल्या आणि बाहेरच्या भिंती पूर्ण, शेजाऱ्याबरोबर असलेली भिंत अर्धी. या काळच्या इमारतींत बाहेरच्या भिंती जाड असतात. तुमच्या प्लानिमेत्रियावरून मला साधारण साडेआठ मीटर दिसतात. झाले ५६.५.

आता बाल्कन्या. कातास्तो, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंद, १९९८ च्या एका फर्मानातला नियम वापरते. खोल्यांना जोडलेल्या बाल्कनीचे पहिल्या २५ मीटरपर्यंत ३० टक्केच धरायचे, त्यापुढचे १० टक्के. म्हणजे ९ चे २.७. आणि तळघरातली कान्तीना घराला आतून जोडलेली नसेल तर २५ टक्के, म्हणजे ६ चे दीड.

एकूण ६०.७, म्हणजे ६१.

जाहिरातीत ७२. मग हे जास्तीचे ११ मीटर आले कुठून? बाल्कन्या आणि कान्तीना पूर्ण धरून पाहा. ५६.५ अधिक ९ अधिक ६, बरोबर ७१.५. एजंटने कुठलाही टक्का न लावता सरळ बेरीज केली आहे. हे मला बऱ्याच वेळा दिसतं.

विन्या७७

म्हणजे फसवणूकच की! असं लिहिलं म्हणून तक्रार करता येत नाही का? किंमत ६१ वर मागा आणि नाही दिली तर कोर्टात जा. कमी मीटर निघाले तर पैसे परत असा कायदा नक्की असणार.

अनघा_मिलानो

विन्या, कायदा आहे, पण तो बहुतेक खरेदीदारांच्या कामाला येत नाही. मी नोतायोच्या, म्हणजे विक्रीपत्र करून देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयांत दुभाषी म्हणून बसते, तिथे हा प्रश्न सतत येतो.

इथे घर विकतात ते बहुधा "आ कोर्पो", म्हणजे आहे तसं, एकगठ्ठा. मीटरच्या दराने नव्हे. इटलीच्या दिवाणी संहितेचं १५३८ वं कलम म्हणतं की अशा विक्रीत करारात लिहिलेल्या मापापेक्षा प्रत्यक्ष माप एक विसांशापेक्षा जास्त कमी निघालं तरच किंमत कमी करून मागता येते. यातला "करारात लिहिलेल्या" हा भाग महत्त्वाचा. बहुतेक करारांत मीटर लिहिलेलेच नसतात, फक्त खोल्या आणि कातास्तोचे क्रमांक असतात. जाहिरातीतला आकडा करारात शिरतच नाही, मग भांडायला आधार उरत नाही.

शिवाय गोदाकाठचांनी सांगितलेले टक्के कातास्तोसाठी आहेत. एजंटने तेच वापरावेत असं बंधन नाही. कोणी बाल्कनी २५ टक्के धरतो, कोणी ५०.

म्हणून जे काही करायचं ते प्रोपोस्तावर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑफरवर, सही करायच्या आधी. सई, प्रोपोस्ता हा छापील फॉर्म साधा दिसतो, पण मालकाने तो स्वीकारून तुम्हाला कळवलं की तुम्ही बांधले गेलात. "नुसती ऑफर आहे" असं एजंट म्हणेल, ते मनावर घेऊ नका.

गोदाकाठचा

अनघाताईंचं बरोबर. वीझुरासाठी सई, एजंटवर अवलंबून राहू नकोस. प्लानिमेत्रिया फक्त मालकाला किंवा त्याने अधिकार दिलेल्याला मिळते, पण वीझुरा कोणालाही काढता येते, फोल्यो, पार्तिचेल्ला आणि सुबाल्तेर्नो हे तीन क्रमांक लागतात. ते प्लानिमेत्रियावरच आहेत. वीझुरावर २०१५ पासून चौरस मीटरही छापतात. दोन आकडे असतील, एक एकूण आणि एक उघड्या जागा वगळून. माझा अंदाज ६१ आणि ५८. तसे निघाले तर मोजणी बरोबर.

आणि दराचं बघ. १,३९,००० भागिले ७२ म्हणजे मीटरला १,९३०. तेच भागिले ६१ केलं की २,२७९. शेजारच्या जाहिरातींशी तुलना करताना त्यांचेही आकडे असेच फुगलेले असू शकतात, त्यामुळे फसगत दुहेरी होते. त्यापेक्षा आजेन्झिया देल्ले एन्त्राते, म्हणजे इथलं कर खातं, दर सहामाहीला प्रत्येक विभागाचे दर जाहीर करतं, ओएमआय नावाने. ते पट्ट्यात असतात, किमान ते कमाल. एकच लक्षात ठेव: ते दर घरांसाठी बहुधा भिंतींसकटच्या मापावर असतात, रकान्यात एल लिहिलेलं असतं. ४८ ने भागून त्यांच्याशी तुलना करू नकोस, घर उगाच महाग वाटेल.

सई_तोरिनो

वीझुरा काढली! एकूण ६१, उघड्या जागा वगळून ५८. अगदी तसेच. आता एजंटशी बोलायला हातात काहीतरी आहे.

१४५ चं काय?

सुलभाकाकू_जेनोवा

सई, मी सांगते. मी जेनोवात राहते, ह्यांची बोटीवरची नोकरी होती, निवृत्तीनंतर इथेच राहिलो. घर घेतलं तेव्हा महिना ९० युरो सांगितले होते. ९० च निघाले, त्यात खोटं काही नव्हतं. पण घर घेतल्यावर काही दिवसांत इमारतीच्या दर्शनी भिंतीचं काम सुरू झालं आणि आमच्या नावावर हजारोंची मागणी आली. ते काम आम्ही घर घेण्याआधीच सभेत मंजूर झालेलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मूळ मालकाने हात वर केले. शेवटी वकिलाच्या पत्रावर निम्मे मिळाले. महिन्याचा आकडा विचारून काही होत नाही, सभेचं इतिवृत्त मागून घे बाई.

मकरंद_पुणे

सोसायटी ट्रान्सफर करताना नो ड्यूज घेतो तसं घ्यायचं ना? मग पाठीमागचं काही येत नाही.

अनघा_मिलानो

तसं पत्र मिळतं, आणि घ्यायचंच. आम्मिनिस्त्रातोरे, म्हणजे कोंदोमिनियोचा व्यवस्थापक, तो मालकाला थकबाकीची स्थिती लिहून देतो. पण मकरंद, ते नसेल तर इथे बाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते, चालू वर्षाची आणि त्याआधीच्या वर्षाची. कोंदोमिनियो दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. मग तुम्ही जुन्या मालकाच्या मागे लागायचं.

मोठ्या कामांचं, म्हणजे स्त्राओर्दिनारियेचं, सुलभाकाकूंनी सांगितलं तसंच. न्यायालयांनी धरलेली रीत अशी की जो मालक असताना सभेने ते काम मंजूर केलं, त्याच्यावर तो खर्च, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पण हे विकणारा आणि घेणारा यांच्यातलं झालं, कोंदोमिनियो तुमच्याकडेच मागणार. म्हणून प्रोपोस्तामध्येच ओळ घालायची, की आजवर मंजूर झालेली सगळी कामं, पैसे पुढे द्यायचे असले तरी, विकणाऱ्याच्या खर्चाने. एजंटच्या छापील फॉर्ममध्ये ती असेलच असं नाही.

गोदाकाठचा

१४५ च्या आकड्याबद्दल. "सगळं धरून" यात सगळ्यात मोठा प्रश्न हीटिंगचा. तोरिनोत थंडीत १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल हीटिंग चालतं. सेंट्रल हीटिंग असेल तर त्याचं बिल कोंदोमिनियोतूनच येतं, म्हणून अशा घराचा महिन्याचा आकडा मोठा दिसतो. शेजारच्या इमारतीत ६० युरो दिसले आणि तिथे घराघरांत स्वतःचा बॉयलर असेल, तर गॅसचं बिल वेगळं, मग ते स्वस्त आहे असं नाही. १४५ हीटिंगसकट असेल तर या भागात मला ते वाजवी वाटतं. हीटिंगशिवाय असेल तर महाग.

हे ठरवायला तोंडी उत्तर पुरत नाही. तीन कागद माग. मागच्या वर्षीचा कोन्सुन्तीवो, म्हणजे झालेला खर्च. चालू वर्षाचा प्रेवेन्तीवो, म्हणजे अंदाज. आणि मागच्या दोन-तीन सभांची वेर्बाले, म्हणजे इतिवृत्तं. कोन्सुन्तीवोमध्ये तुझ्या घराच्या ओळीत रकाने असतील: सामाईक, लिफ्ट, हीटिंग, पाणी. वर्षाची बेरीज भागिले बारा केलं की खरा १४५ आहे की नाही ते दिसेल.

त्याच कागदावर मिल्लेझिमी असतील, हजारातला तुमचा वाटा. तो टिपून ठेव, कारण मोठ्या कामाचा खर्च त्यावरून ठरतो. समज वाटा २१ आहे आणि सभेने १,८०,००० युरोचं दर्शनी भिंतीचं काम मंजूर केलं, तर तुमच्या नावावर ३,७८०.

हीटिंगमध्ये अजून एक बारकावा. रेडिएटरवर मीटर आणि वाल्व्ह लावणं केव्हाच बंधनकारक झालंय, त्यामुळे बिलाचा एक भाग वापराप्रमाणे आणि एक भाग ठरावीक असतो. आत्ताचा मालक तिथे राहत नसेल, घर रिकामं असेल, तर कोन्सुन्तीवोमधला हीटिंगचा आकडा फसवा कमी दिसेल. तुम्ही राहायला गेलात की तो वाढेल. रिकामं आहे का ते घर?

सई_तोरिनो

हो! मालकीणबाई वारल्या, मुलगा विकतोय. बरेच महिने बंद आहे. बंद होण्याआधीच्या वर्षाचा कोन्सुन्तीवो मागते मग.

विन्या७७

सुपर बिल्टअपचं माझं चुकीचं होतं तर. पण मला अजून पटत नाही की एवढा फरक असूनही इथे कोणी ओरडत नाही. एजंटला लेखी विचारा, ७२ कसे काढले.

सई_तोरिनो

विचारलं. उत्तर आलं की "आमच्या पद्धतीप्रमाणे". ६१ च्या वीझुरावर मात्र तो बोलला नाही, आणि मालक १,३१,००० पर्यंत यायला तयार आहे असं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. कोन्सुन्तीवो आला: वर्षाचे १,७१० होते, त्या बाई राहत असतानाचे, हीटिंगसकट. म्हणजे १४५ ठीकच आहे. वेर्बाले यायची आहेत.

आता एक नवीन शंका. प्लानिमेत्रियावर तिनेल्लो आणि कुचिनीनो यांच्यामध्ये भिंत दाखवली आहे. प्रत्यक्षात तिथे भिंत नाही, ओपन किचन आहे. एजंट म्हणतो, किरकोळ गोष्ट, नोतायो बघेल.

गोदाकाठचा

ही गोष्ट किरकोळ नाही, आणि नोतायो येऊन भिंती बघत नाही. २०१० पासून विक्रीपत्रात विकणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की कातास्तोतला नकाशा प्रत्यक्षाशी जुळतो. तो जुळत नसेल तर आधी दुरुस्त करायचा. पण त्याहून महत्त्वाची नगरपालिकेची परवानगी, ती कातास्तोपेक्षा वेगळी. भिंत पाडताना कोमूनेला, म्हणजे नगरपालिकेला, कळवलं होतं का? नसेल तर आता उशिराची चीला, म्हणजे कामाची लेखी सूचना, भरावी लागते, दंड १,००० युरो, वर तंत्रज्ञाची फी आणि नकाशा बदलायचा खर्च. हे विकणाऱ्याने विक्रीपत्राच्या आधी पूर्ण करायचं, तशी अट प्रोपोस्तामध्ये घाल.

भिंत भार घेणारी असेल तर प्रकरण वाढतं. त्या काळच्या बऱ्याच इमारती काँक्रीटच्या खांबांवर आहेत, तिथे कुचिनीनोची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते. पण मी बघितल्याशिवाय सांगणार नाही.

अनघा_मिलानो

सई, तुम्हा दोघांचं इटालियन विक्रीपत्र वाचण्याइतकं नसेल तर नोतायोला आत्ताच सांगून ठेवा. मग ते दोन भाषांत किंवा दुभाषी घेऊन करावं लागतं, ऐनवेळी जमत नाही.

सुलभाकाकू_जेनोवा

वेर्बाले आली की इथे टाक गं. लिफ्टबद्दल काही असेल तर नीट वाच, ६० च्या दशकातल्या इमारतींत तो विषय निघतोच.

सई_तोरिनो

टाकते काकू. कोमूनेत जुनी फाइल काढायचा अर्ज केलाय, भिंतीचं काही नोंदलंय का ते बघायला. तोवर प्रोपोस्तावर सही करत नाही, एजंटला तसं कळवलं आहे. गोदाकाठचादादा, शनिवारी घर पुन्हा बघायला जाणार आहोत, वेळ असेल तर याल का? भिंत होती ती जागा तुम्हीच बघितलेली बरी.